फार सोपे, वगळावे
संस्थेतल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे 'कात्री' म्हणत. पूर्वी ती खरोखरच कात्रीने फीत कापायची. पुढे संगणक आला, कात्री गेली, पण जिभेची धार शाबूत राहिली, म्हणून नाव टिकलं. बावीस वर्षं ती एकच काम करत होती: माणसांचे आवाज टिपायचे, त्यातले शब्द वेगळे काढायचे आणि चाचण्यांसाठी त्यांच्या रांगा लावायच्या.

संचालकसाहेबांबद्दल तिचं मत फार साधं होतं. देवाने या माणसाला दोन कान दिले होते ते चष्मा अडकवायला. साहेब मानसशास्त्राचे. त्यांच्या केबिनमध्ये गुळगुळीत टेबल, त्यावर तीन पेनं, आणि तिन्ही दिखाऊ. कुणी बोलायला लागलं की ते मान हलवत. त्या मान हलवण्याचा ऐकण्याशी काही संबंध नसे.

त्या वर्षी रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षाला फोन घेणारी माणसं हवी होती. त्यांची निवड चाचणी करायचं काम संस्थेकडे आलं. साहेबांनी कात्रीच्या कपाटातली एक जुनी चाचणी उचलली. तिच्यात दोन बनावट शब्द होते, दोन्ही 'पीमा'च. एकात जोर 'पी'वर, दुसऱ्यात 'मा'वर. पहिल्यासाठी एक नंबरचं बटण, दुसऱ्यासाठी दोन नंबरचं. मग पाच-पाचांची रांग ऐकवायची, शेवटी 'बस' असा शब्द वाजवायचा, म्हणजे कानातला ताजा घुमारा पुसला जाईल, आणि ऐकलेली रांग बटणांवर वाजवायला लावायची. अशा वीस रांगा.

"शब्दांना अर्थच नाही," साहेब बैठकीत म्हणाले. "म्हणजे ते कुणाच्याच भाषेचे नाहीत. याहून न्याय्य चाचणी दाखवा मला. ही निव्वळ स्मरणशक्ती आहे."

कात्री कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. ती गप्प राहिली, आणि त्याचं कारण तिला स्वतःलाही आवडत नव्हतं.

कारण असं, की कात्री मूळची डोंगरापलीकडची. तिकडच्या भाषेत प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर, आईला हाक मारा की बैलाला शिवी द्या. ठोका पडला की नवा शब्द सुरू झाला, एवढाच त्या जोराचा उपयोग. त्याच्यामुळे एका शब्दाचा दुसरा शब्द होत नाही, म्हणून तो लक्षात ठेवायची कानाला सवयच लागत नाही. शहराच्या भाषेत मात्र जोर कुठेही पडतो आणि तो शब्दाचा भागच असतो. ती नवीन आली तेव्हा दुकानदार तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. अक्षरं सगळी बरोबर, पण जोर पहिल्यावर. त्यांचे कान भलत्याच शब्दांच्या वाटेला लागायचे आणि मग मागे फिरायचे. लोक हसले. मग तिने एकेक शब्द जोरासकट पाठ केला आणि नोकरीच्या अर्जावर मातृभाषेच्या रकान्यात शहराची भाषा लिहून टाकली. भाचीचा ऑफिसात फोन आला तरी शहराच्या भाषेत "नंतर बोलू" म्हणून ठेवायची. याची तिला मनातून किळस येई, पण सवय ती सवय.

भाची रुग्णवाहिका सेवेच्या त्या नोकरीची उमेदवार होती. तीन वर्षं ती औषधांच्या गोदामात फोनवर मागण्या घेत होती, एकही औषध चुकलं नव्हतं. वयोमर्यादेमुळे ही तिची शेवटची संधी. वीसपैकी पाच रांगा बरोबर आल्या. निकालावर साहेबांच्या सुंदर अक्षरात शेरा होता: स्मरणशक्ती क्षीण.

"मावशी, दोन शब्द वेगळे आहेत हे कळत होतं," ती संध्याकाळी म्हणाली. "एकेकटे ऐकवले तेव्हा दोन्ही ओळखले. पाच ओळीने आले की कुठला कुठे होता तेच राहीना. माझं डोकं खरंच कमी आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी कात्रीने निकालांची फाईल उघडली. नापास अकरा, आणि अकराच्या अकरा डोंगरापलीकडचे. साहेबांनी हेही पाहिलं होतं. अहवालात 'त्या भागातील शिक्षणाचा दर्जा' असं लिहून मोकळे झाले होते. गाढवाला गुळाची चव काय.

मग तिने कपाटातून त्याच चाचणीचा दुसरा अर्धा भाग काढला. त्यात जोर सारखा, फरक अक्षराचा: 'कूपी' आणि 'कूती'. मूळ चाचणी दोन्ही भाग मिळून होती. दुसऱ्यावरून कळायचं की माणसाची स्मरणशक्ती कशी आहे, आणि पहिल्याशी ताडून पाहिलं की कळायचं त्याची भाषा कोणती. त्या दुसऱ्या भागावर साहेबांची चिठ्ठी चिकटवलेली होती: 'फार सोपे. सगळेच उत्तीर्ण होतात. वगळावे.' कात्रीने ती दोनदा वाचली. ज्या काट्यावरून वजन कळतं तोच या शहाण्याने फेकून दिला होता.

अहवाल सादर व्हायच्या दिवशी रुग्णवाहिका सेवेच्या अधिकारीबाई आल्या. चहा झाला. कात्री उठली, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आधी माझी चाचणी घ्या."

"अहो, तुमची कशाला?" साहेब हसले. "संस्थेतले सर्वात तयार कान तुमचे."

"म्हणूनच. मी डोंगरापलीकडची आहे."

अधिकारीबाईंनी होकार दिला. तयार कानांना जोराच्या वीसपैकी सहा रांगा आल्या, अक्षराच्या अठरा. मग अधिकारीबाई साहेबांकडे वळल्या. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण बसावं लागलं. जोराच्या एकोणीस आल्या तशी त्यांची मान ताठ झाली. अक्षराच्या आल्या सतरा. कात्रीने बाहेर बसवून ठेवलेल्या भाचीला बोलावलं. तिला अक्षराच्या अठरा आल्या.

अधिकारीबाईंनी चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली.

"म्हणजे ज्यांना तुम्ही क्षीण म्हणालात, त्यांची स्मरणशक्ती तुमच्याहून कमी नाही," त्या म्हणाल्या. "अकराही जणांची अक्षराची चाचणी घ्या. आणि या मुलीला माझ्याकडे पाठवा. फोन मी स्वतः ऐकवीन."

त्या गेल्यावर साहेबांना कंठ फुटला. "पण तुम्ही बावीस वर्षं हे शब्द कापले कसे?"

"एकेक ऐकला की कळतो, साहेब. शिवाय संगणकाच्या पडद्यावर जोर दिसतो. रांग झाली की निसटतो." ती थांबली. "तुम्हाला ऐकू येत होतं, तरी तुम्ही ऐकलं नाहीत."

साहेबांनी तिची फाईल मागवली आणि मातृभाषेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही तर खोटी माहिती आहे. मला वर कळवावं लागेल. ध्वनिमुद्रणावरही ठेवता येणार नाही तुम्हाला." अकरा माणसांची माती करताना जो चेहरा मख्ख होता, त्यावर आता नीतिमत्ता उजळली होती.

"कळवा," कात्री म्हणाली. तिने त्यांच्याच तीन पेनांतलं एक उचललं. ते उमटेना. दुसरं उमटलं. जुना शब्द खोडून तिने आपली भाषा लिहिली आणि बाजूला सही केली.

पंधरा दिवसांनी तिचं टेबल भांडारात गेलं, साहेबांच्या केबिनसमोरच. दुपारी फोन वाजला. भाची होती, नियंत्रण कक्षातून. "मावशी, घेतलं मला," ती सवयीने शहराच्या भाषेत, हळू आवाजात म्हणाली.

साहेबांचं दार उघडं होतं. कात्रीने खुर्ची मागे सरकवली आणि डोंगरापलीकडच्या भाषेत, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठोका देत, मोठ्याने विचारलं, "जेवलीस का गं? आता सावकाश सांग सगळं."