पत्रूची शिफारस

गुणवंतराव बोरकुटे शिफारसपत्र देताना हात आखडता घेत, हे नागपूरच्या त्यांच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते कलेचा इतिहास शिकवायचे. प्राचार्यांचा भाचा एकदा पेढे घेऊन पत्र मागायला आला, तेव्हा त्यांनी पेढा खाल्ला आणि शांतपणे सांगितलं, "तुझं काम मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहीत नाही." पेढा मात्र चांगला होता, असं नंतर घरी म्हणाले. माणूस असा तिरसट. पण त्यामुळेच त्यांच्या सहीला बाहेर वजन होतं, आणि त्या वजनाचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

पत्रू भांडेकर मात्र त्यांचा जीव की प्राण. वैनगंगेकाठच्या, चामोर्शीकडच्या धानाच्या शेतकऱ्याचं पोर. मार्कंड्याच्या देवळांच्या सावलीत गुरं राखलेलं. वर्गातली पोरं परीक्षेपुरत्या मूर्ती पाठ करायची, हा सुट्टीत देवळाभोवती पडलेले दगड मोजून, प्रत्येकाचं चित्र काढून आणायचा. देशाच्या पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात वस्तुसंग्रहालयाचं काम शिकवायचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. जागा मोजक्याच. पत्रूनं तिथे जायचं, हे गुणवंतरावांनी पत्रूच्या आधी ठरवून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पत्रूला गावच्या नाल्यात एक मूर्ती सापडली. देवीची असावी, एक हात तुटलेला, नाक गेलेलं. नाल्यातले दगड रस्त्याच्या गिट्टीसाठी फोडत होते, म्हणून त्यानं ती उचलून घरी आणली, धानाच्या कोठीजवळ पोत्यात गुंडाळून ठेवली आणि सरांना पत्र लिहिलं: तहसीलदाराले कळवू का?

खरा रस्ता तोच होता. जागेचं टाचण करायचं, कचेरीत कळवायचं, मोकळं व्हायचं. वर्गात गुणवंतराव हेच घसा कोरडा करून सांगत. पण नवी मूर्ती, त्यातून आपल्या मुलखातली! तिच्यावरचा पहिला लेख आपला असावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी उलट टपाली कळवलं: आत्ता कुणाला सांगू नकोस, घरीच ठेव, मी नाताळात येतो.

नाताळात ते गेले नाहीत. परीक्षेचे कागद होते, पडसं होतं. राहून गेलं.

पौषात पत्रूची धाकटी बहीण रंभा तापानं पडली. पत्रू नागपुरात होता. ताप उतरेना, पोर बरळायला लागली, तसं कुणीतरी आईला म्हणालं, घरात खंडित देव आहे, दुसरं काय होणार? आईनं, म्हणजे सुगंधाबाईनं, मूर्तीला हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, लाकडी डोंग्यात बसून नदीच्या डोहापर्यंत गेली आणि तिला पाण्यात सोडलं. तरी रंभा गेली. पत्रू पोचला तेव्हा बहीणही नव्हती आणि मूर्तीही नव्हती. दिवस उजाडला की तो त्या गार डोहात बुड्या मारायचा. गाळाशिवाय हाती काही लागलं नाही.

कॉलेजात परतल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते सरांच्या खोलीत येऊन सगळं सांगण्याचं. कुणी विचारलं नव्हतं. मूर्ती होती हेदेखील कॉलेजात त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात गुणवंतराव चांद्याला स्वतःच्या घरी आले, तेव्हा एकदा पत्रूच्या गावी जाऊन आले. सुगंधाबाईनं त्यांना घोंगडीवर बसवलं, गुळाचा चहा दिला. बाई वाळून गेली होती.

"सायेब, मी देवीले फेकलं नाई," ती म्हणाली. "हळद-कुकू लावून सोडलं. फुटक्या देवाले पाण्यातच जागा रायते. माह्यी पोरगी वाचली पायजे म्हनून केलं."

 गुणवंतरावांनी मान हलवली.

"पत्रूले तिकडं घेतीन ना? आता तोच एक हाये मले."

"घेतील बाई. मी लिहितो ना पत्र."

पत्र लिहायला ते बसले ते चांद्याच्या ओसरीवर, कॉलेजच्या छापील कागदावर, इंग्रजीत. असं पत्र विद्यार्थ्याच्या हाती देत नाहीत. पाकीट बंद करून, झाकणावर आडवी सही ठोकून थेट विभागप्रमुखांना पाठवायचं. सोबत प्रश्न आले होते. उमेदवाराला किती दिवसांपासून ओळखता, अभ्यास कसा, हात कसा. हे सगळं त्यांनी झरझर लिहिलं. माझ्या उभ्या नोकरीत असा विद्यार्थी आला नाही, हेही लिहिलं. शेवटचा प्रश्न होता: याच्या हाती वस्तू निर्धास्त सोपवाल का?

तिथे लेखणी थांबली. नुसतं 'होय' लिहून भागलं असतं. पण गुणवंतरावांना अर्धवट लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं वाटे. शिवाय त्यांना खरोखर वाटलं, की ही गोष्ट पोराच्या बाजूचीच आहे. न विचारता स्वतःची चूक कबूल करणारा माणूस संग्रहालयाला मिळणार कुठे? त्यांनी मूर्ती सापडल्यापासून बुडेपर्यंतची हकीकत लिहिली आणि त्यानं हे आपणहून सांगितलं, या वाक्याखाली रेघ ओढली.

'मीच त्याला घरी ठेवायला सांगितलं' हे वाक्य त्यांच्या मनात आलं होतं. नाही असं नाही. पण पत्र पत्रूविषयी आहे, आपल्याविषयी नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पाकीट बंद केलं, आडवी सही ठोकली.

आषाढ लागता लागता उत्तर आलं. विभागप्रमुखांनी गुणवंतरावांच्या स्पष्टपणाचे आभार मानले होते. अभ्यासात उमेदवार पहिला आहे; परंतु सापडलेली वस्तू कचेरीत न कळवता ज्यानं स्वतःच्या मनानं घरी दडवली आणि गमावली, त्याला संग्रहालयाच्या अभ्यासक्रमात घेणं आम्हाला शक्य नाही. जागा भरल्या असून वर्ग सुरू झाले आहेत.  त्या रात्री गुणवंतराव जेवले नाहीत.

पत्रूलाही नकार गेला होता. तो भर पावसात चांद्याला आला. ओसरीवर टेकला, डोक्यावरचं पोतं घडी करून बाजूला ठेवलं. अहेरीच्या लाकडाच्या डेपोत मुनशीची जागा आहे, उद्यापासून जातो, म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"त्यायनं लिवलं, मूर्ती मी माह्या मनानं दडवली," पत्रू म्हणाला. "त्यायले हे कसं माहीत, सर?"

"मी लिहिलं, पत्रू. खरं होतं ते."

"हो, खरं हाये." पत्रू म्हणाला. "अन् तुम्ही मले घरीच ठेव म्हटलं होतं, ते लिवलं होतं काय?"

पन्हाळीतून अंगणात पाणी पडत होतं. उभ्या जन्मात न पाहिलेल्या गोष्टीचं एक अक्षरही न लिहिणारे गुणवंतराव त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ते लिहायचं राहून गेलं."

पत्रूनं मान डोलावली. "मी तहसीलदाराले कळवू का इचारलं होतं, सर," तो म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं त्यांच्या पायांना हात लावला.