नाकावरची यू-पिन

विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि मोबाईल पुढं केला. सांगलीहून व्याख्यानाला येणाऱ्या प्राध्यापकांचा मेसेज होता. तब्येत बरी नाही, क्षमस्व.

"उद्या तुम्हीच बोला," सर म्हणाले. "अर्धा तास. काहीतरी करून दाखवण्यासारखं घ्या. मुलं नुसतं ऐकत नाहीत."

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते दुसऱ्या पाहुण्यांच्या शाल-नारळाबद्दल शिपायांशी बोलायला लागले होते.

वर्गात मला काही वाटत नाही. चाळीस पोरं, फळा, मी. पण अख्खी शाळा, स्टेज, माईक म्हटलं की मी टाळतेच. साताऱ्याला घरी येईस्तोवर बसमध्ये मी तीन विषय ठरवले आणि तिन्ही सोडले. शेवटी कागदाचं विमान पक्कं केलं. सामान लागत नाही, पोरांना आवडतं, आणि नाकावर वजन लावलं की ते नीट उडतं, एवढं मला माहीत होतं. निदान माहीत आहे असं वाटत होतं.

घरी व्हरांड्यात सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. मी कुरडयांच्या वरून विमानं सोडायला लागले. सगळी पोरं करतात तेच टोकदार विमान: कागद उभा दुमडायचा, पुढचे दोन कोपरे आत घ्यायचे, पुन्हा आत घ्यायचे, पंख पसरायचे. पंखांच्या मागच्या कडा बोटानं किंचित वर वळवायच्या. ही सवय लहानपणापासूनची. का वळवायच्या, ते कधी विचारलं नव्हतं.

विमान हळू सोडलं की नाक वर करायचं, हवेत थबकायचं आणि धपकन खाली. नाकाखालच्या घडीत एक यू-पिन अडकवली की तेच विमान सरळ, शांत, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं. चार यू-पिना लावल्या की नाक खाली करून जमिनीत. अगदी हवं तसं. वजन नाही, योग्य वजन, जास्त वजन. तीन विमानं, तीन मुद्दे, भाषण तयार.

"आगं, कुरडईवर पडलं की गं त्ये," सासूबाई म्हणाल्या. "पोरांचं काम पोरांना करू दे. तू बस जरा. सकाळपासनं उभीच हायस."

मला बसवत नव्हतं. आणखी नऊ विमानं केली, न जाणो एखादं बिघडलं तर. सकाळच्या एसटीत गर्दी असते, पंख चुरगळतील, म्हणून मी सगळी विमानं सपाट घडी करून चित्रकलेच्या दोन जाड वह्यांमध्ये नीट दाबून ठेवली. वर दोरी बांधली. या शहाणपणाचा मला अभिमानच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पत्र्याचं छत, त्यात फेब्रुवारीअखेरचं ऊन. पहिली गडबड पंख्यांवरून झाली. माझी विमानं पंख्याखाली उडणार नव्हती, वरून येणारा वारा त्यांना खाली दाबणार. मी सरांना पंखे बंद करायला सांगितलं. सर पाहुण्यांकडे बघायला लागले. पाहुणे म्हणजे गावातलेच निवृत्त सुभेदार, कडक इस्त्रीचा शर्ट, मानेवर घामाचे ओघळ.

"करा बंद, करा," सुभेदार म्हणाले. "राजस्थानात याच्या दुप्पट सोसलंय आमी."

पंखे थांबले आणि हॉलभर नाराजीचा सूर उठला. पोरं वहीनं वारा घ्यायला लागली. मुलींच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. मला घाई झाली. प्रस्तावना मी चार वाक्यांत गुंडाळली.

"हे पहिलं विमान. याला वजन नाही. बघा, हे नाक वर करेल आणि पडेल."

सोडलं. विमान नाक वर न करता जरा डुगडुगत, बऱ्यापैकी सरळ जाऊन चौथ्या रांगेत उतरलं. टाळ्या पडल्या.

"आता हे दुसरं," मी म्हणाले, आवाज नको इतका चढलेला. "याला एक यू-पिन आहे. हे त्याच्यापेक्षा लांब जाईल."

दुसऱ्यानं माझ्या हातातून सुटताच नाक खाली घातलं आणि स्टेजच्या कडेवर आपटलं. पुढच्या पोरांनी मान लांब करून पाहिलं. मी उचललं, परत सोडलं. परत तसंच. राखीव विमानांतलं एक काढलं, पिन लावली, सोडलं. तेही खाली.

हसू आधी पुढून आलं, मग मागून. माझे कान तापले. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. सुभेदार खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "मॅडम, दम लावून फेका की! फुल पॉवर!"

तेवढ्यात नववीतली एक मुलगी उभी राहिली. आटपाडीकडच्या मेंढपाळ कुटुंबातली, मामाकडे राहून शिकणारी. वर्गात ती प्रश्न विचारायची तेव्हा भांडल्यासारखी विचारायची.

"बाई, बिगर वजनाचं ब्येस गेलं. वजनाचं पडलं. मग वजन लावायचं कशाला?"

तिचा प्रश्न बरोबर होता. समोर दिसत होतं ते माझ्या बोलण्याच्या उलट होतं.

"थांब," मी म्हणाले. "मला बघू दे."

माईक टेबलावर ठेवला. काल चाललं, आज नाही. कागद तोच, पिन तीच. मी विमान डोळ्यांसमोर आडवं धरलं, आपण सुईत दोरा ओवताना धरतो तसं, आणि मागून पाहिलं. पंखांच्या कडा एकदम सपाट होत्या. इस्त्री केल्यासारख्या. रात्रभर त्या जाड वह्यांखाली माझी वळवलेली कड बसून गेली होती.

मी दोन्ही कडा नखानं वर वळवल्या, फार नाही, नखाच्या जाडीएवढ्या. पिन तशीच ठेवली. मग विमान हळूच सोडलं.

ते गेलं. पोरांच्या डोक्यांवरून, उतरत उतरत, एकाच चालीनं, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या दहावीच्या मुलांपर्यंत. आवाजानं पत्रा दणाणला.

"आता बिगर वजनाचं," ती मुलगी उभीच होती. "त्याची पण कड वळवा."

वळवली. सोडलं. त्यानं नाक वर केलं, थबकलं, पडलं. पुन्हा नाक वर, पुन्हा पडलं.

आता मला कळत होतं, आणि कळता कळताच मी बोलत होते. लिहून आणलेला कागद कुठं गेला ते पाहिलंही नाही. विमान एका बोटावर तोलून दाखवलं. पिन नसताना तोल मागे यायचा, पिन लावली की बोट नाकाकडे सरकवावं लागायचं. तोल पुढं गेला की पंखांना उचलणारी हवा त्या तोलाच्या मागे राहते. मग झुळकेनं नाक वर उडालं, तर पंखांवरचा जोर वाढतो आणि तो मागूनच उचलतो, त्यामुळे नाक आपोआप खाली येतं. विमान सावरतं. तोल मागे असेल तर सावरणारं कुणी नाही.

"पण नुसतं वजन असेल तर नाक खालीच जाणार," मी म्हणाले. "म्हणून ही वळवलेली कड. हवा तिच्यावर आपटते, शेपूट खाली दाबते, नाक वर धरते. वजन खाली ओढतं, कड वर धरते. दोघांचं जमलं तरच उडतं. मी तुम्हाला अर्धंच सांगत होते, कारण मलाच अर्धं माहीत होतं."

शेवटचं वाक्य आपसूक निघालं. सरांनी चमकून पाहिलं, पण पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना पुढचं हवं होतं.

सुभेदारांनाही. ते स्टेजवर आलेच. "द्या इकडं." विमान घेतलं आणि ग्रेनेड टाकावा तसा हात फिरवला. विमान सणकन वर गेलं, उलटं झालं आणि थांबलेल्या पंख्याच्या पात्यावर जाऊन बसलं. पोरं बाकांवर चढली.

"वेग वाढला की त्या कडेवर हवा जास्त आपटते, काका," मी ओरडून सांगत होते. "म्हणून नाक जास्त वर गेलं. हळू सोडायचं असतं!"

"असं हाय व्हय," ते म्हणाले, आणि पंख्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

मुलगी आता स्टेजच्या पायरीशी आली होती. "बाई, चार पिना लावल्या आन् कड लय वळवली तर?"

कालच्या भाषणात चार पिनांचं विमान पडणार होतं. तिथं मुद्दा संपत होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "तू कर."

तिनं पिना लावल्या, कड वळवली, सोडलं. पडलं. आणखी वळवली. नाक जरा उचललं, तरी पडलं. मागून कुणी म्हणालं, "बस्स की आता." तिनं ऐकलं नाही. तिसऱ्यांदा कड चांगली उभी केली आणि या वेळी जरा जोर देऊन सोडलं. विमान बाणासारखं गेलं, पहिल्यापेक्षा कितीतरी वेगात, आणि तितक्याच लवकर खाली उतरलं. पण सरळ उतरलं, आपटलं नाही.

"उडतंय," ती म्हणाली. "पण टिकत न्हाई."

"जड आहे ना. वेगात राहावं लागतं, मग उंची लवकर जाते."

ती मान हलवत जागेवर गेली. पटलं की नाही, कळलं नाही.

अर्धा तास कधीच संपला होता. सरांनी आभार मानले, पंखे सुरू झाले, पात्यावरचं विमान भिरभिरत खाली आलं आणि त्याच्यावर वीसेक पोरं तुटून पडली. मधल्या सुट्टीत मैदानभर कागद उडत होते. ऑफिसातले क्लार्क येऊन म्हणाले, "मॅडम, यू-पिनांचा डबा रिकामा. सगळी पोरं तुमचं नाव सांगतायत." मी हसले, पण उभ्याउभ्याच. खुर्ची समोर होती, बसावंसं वाटत नव्हतं. आतून अजून काहीतरी धावत होतं.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी ती मुलगी दिसली. वारा सुटला होता. ती वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडत होती, आणि ते वर उचललं जाऊन मागेच येत होतं.

"बाई, कड कमी करू का पिन वाढवू?"

"एका वेळी एकच बदल," मी म्हणाले. "नाहीतर कशानं झालं ते कळणार नाही."

तिनं कड अर्धी खाली केली. माझी बस वळणावर दिसत होती. मी हात केला नाही. बस गेली, आणि आम्ही दोघी विमान कुठं पडतं ते बघत राहिलो.