उघडलेलं कुलूप

“मी म्हणलं ते मी म्हणलं.” देवकीबाईंचं हे वाक्य जरीपटक्यातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

सन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या भिवापूरला मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जात. पुढे म्हातारपणी हाती मोबाइल आला. तेव्हा शारदोत्सवाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी त्या दिवसांची गोष्ट नुसत्या इमोजींत रचली. सोबत खुडणाऱ्या यमुताईंना अक्षरओळख नव्हती. गोष्ट त्यांनाही वाचता यावी, एवढाच हट्ट.

🌅👩👩👩🌶️🌶️🌶️
☀️☀️☀️✋🔥
🚰🔒👨
👩👩👩🚪🚶‍♀️🚶‍♀️🚶‍♀️

खाली इतर वाचणाऱ्यांसाठी खुणांच्या अर्थाची छोटी किल्ली दिली:
✋🔥 मिरचीने पेटलेले हात
🚰🔒 कुलूप लावलेला नळ
👨 वखारीचा मालक

जे उघड दिसतं त्याची खूण सांगितली नव्हती. तीन बाया म्हणजे पुष्कळ बाया, तीन सूर्य म्हणजे भर दुपार. ओळी डावीकडून उजवीकडे वाचायच्या, आणि चित्राचा अर्थ शेवटपर्यंत तोच.

स्मरणिका छापून आली. मंडपात यमुताईंनी पानावरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

“देवके, नळ कवा उघडला होता वं?”

छापलेलं कुलूप उघडं होतं: 🔓. किल्लीतही लिहिलं होतं, ‘मालकाने खुला केलेला नळ’. पुढची ओळ तशीच होती. म्हणजे मालकाने पाणी दिलं, तरी बाया काम टाकून चालत्या झाल्या! एका चित्राने साऱ्याजणी कृतघ्न ठरल्या.

संपादक मधुकरराव खुर्च्या मांडत होते. देवकीबाईंनी पान त्यांच्यापुढे धरलं.

“हे काहून बदललं, भाऊ?”

“कुलूपच तर आहे, बाई. उघडं काय, बंद काय! त्या वखारीच्या मालकांचा मुलगा आज पाहुणा म्हणून येऊन राहिला. उगाच कडवटपणा कशाला?”

“असं? मग आज रात्री तुमच्या दाराले उघडंच कुलूप लटकवून झोपा.”

खुर्च्या मांडणारे हसले. मधुकररावांचा चेहरा उतरला. “आता छापून झालं,” ते पुटपुटले.

“तुमचं झालं. माहं नाही झालं.”

गठ्ठ्यापाशी बसून त्यांनी निळा पेन काढला. प्रत्येक प्रतीत कुलपाच्या उचललेल्या कडीला एक रेघ ओढली, की कडी बंद. किल्लीतलं ‘खुला केलेला’ खोडून वर लिहिलं, ‘बंद ठेवलेला’. यमुताई एकेक प्रत उघडून पुढे सरकवत होत्या. त्या उन्हाळ्यात यमुताईंचे हात आगीत घातल्यासारखे झाले होते, तेव्हा त्या थेंबभर पाण्यासाठी रडल्या होत्या. ते कोणी गोड करावं, हे देवकीबाईंना सहन होत नव्हतं.

मधुकररावांनी उरलेला गठ्ठा उचलला. “बस झालं आता!”

“ठेवा तुमच्यापाशी. बाकीच्यांले मी तोंडानं सांगते.”

पेन कमरेला खोचून त्या मंडपाबाहेर निघाल्या. दारात पाहुण्याची गाडी लागत होती; तिला वळसा घालून त्या सरळ चालत राहिल्या. मधुकरराव हार हातात घेऊन उभे होते, पण पाहत होते ते देवकीबाईंच्या पाठीकडे. यमुताईही पाहत होत्या, हातात दुरुस्त झालेली शेवटची प्रत घट्ट धरून.