झुल्याचं गाणं आणि आमच्या घरचा रेडिओ

आधीच सांगून टाकते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मला ताप आहे असंही मी मानत नाही. आमच्याकडे कुणाला नजर लागली, कुणाच्या अंगात आलं, की मी उठून चहा ठेवायला जाते. तरी हे लिहितेय, कारण घरात या विषयावर बोलायला गेलं की आई मलाच वेड्यात काढते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा.

आम्ही रायपूरला समता कॉलोनीत राहतो, मी आणि आई. आजी, म्हणजे आईची आई, ब्राह्मणपाऱ्यात मामा-मामीकडे असते. गेल्या वर्षापासून तिचं विसरणं फार वाढलं. आधी चष्मा, मग नातवंडांची नावं, मग जेवण झालं की नाही... आणि एक दिवस आई तिला भरवायला बसली तर आजी म्हणाली, “नर्सबाई, तुम्ही जा आता.” त्यानंतर आईने ब्राह्मणपाऱ्याला जाणंच सोडलं. मी चिडायचे, समजवायचे. तिचं एकच म्हणणं होतं, “तिनं एक खेप मले बेबी म्हणून हाक मारली पाहिजे. मंग मी रोज जाईन.”

बेबी हे आईचं माहेरचं नाव. आई साठीची आहे, हेही सांगून ठेवते.

मग तिच्या डोक्यात रेडिओ शिरला. आजी गुढ़ियारीला रेल्वे क्वार्टरमध्ये होती तेव्हा ती दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला फर्माईशी पाठवायची. आपल्याकडे हे वेड जुनंच आहे, गावोगावी श्रोता संघ आहेत, आपलं नाव रेडिओवर ऐकायला लोक चुलीवरचं दूध उतू जाऊ देतात. आजीचं एक ठरलेलं गाणं होतं, कुठल्यातरी जुन्या हिंदी पिक्चरमधलं, झुल्याचं. तेच गाणं आता आजीसाठी लावायला सांगायचं, म्हणजे तिला सगळं आठवेल, असं आईचं ठरलं.

मी म्हटलं, यूट्यूबवर लावून देते ना, दोन मिनिटांचं काम. शोधलं. त्या पिक्चरची बाकीची गाणी होती, नेमकं हेच नव्हतं. आईला त्याचं काही वाटलं नाही. “यूट्यूब तिचं नाव घेते काय?” एवढंच म्हणाली. बरं, कार्यक्रमवाले आता व्हॉट्सॲपवरही फर्माईश घेतात. तेही नको. आजी पोस्टकार्ड टाकायची म्हणून पोस्टकार्डच हवं. ते आणायला लॅबमधून सुट्टी काढून पोस्टात मी गेले, हेही लिहून ठेवा.

कार्ड लिहायचीसुद्धा रीत आहे, ती मला आईने बजावून सांगितली. वर कार्यक्रमाचं नाव. एका कार्डावर एकच गाणं. आधी पिक्चरचं नाव, मग गाण्याची पहिली ओळ, मग गाणाऱ्यांची नावं, कारण त्यांना संग्रहात शोधावं लागतं. मग कुणासाठी, आणि शेवटी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि पारा, म्हणजे मोहल्ला. एकाच गाण्याची बरीच कार्डं आली की ती एकत्र लावतात आणि सगळ्यांची नावं एका दमात वाचून गाणं एकदाच वाजवतात, म्हणून अक्षर सुवाच्य पाहिजे. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. तिने कार्ड फाडलं. “बेबी लिही,” म्हणाली. मी म्हटलं, अख्ख्या छत्तीसगढला कळेल. तर म्हणे कळू दे. पुन्हा पोस्टात जा, पुन्हा कार्ड आणा.

कार्ड टाकलं आणि वाट बघणं सुरू झालं. कार्ड पोचून नंबर लागायला आठवडे जातात आणि कधी लागेल ते कुणी कळवत नाही. त्यामुळे कार्यक्रमाच्या प्रत्येक दुपारी आमच्या घरी मिक्सर बंद, बेल वाजली तर मी उघडायची, आणि फोन करून मामीलाही ट्रान्झिस्टर आजीच्या उशाशी लावायला सांगायचं. मामीही वैतागली होती, पण लावायची बिचारी.

शेवटी एका दुपारी नंबर लागला. मी घरीच होते, फोनवर रेकॉर्डिंगही सुरू केलं. निवेदकाने वाचलं, “ब्राह्मणपारा में रहने वाली माँ कुसुम जी के लिए, फ़रमाइश की है समता कॉलोनी से बेबी ने...” आईने पदर तोंडाला लावला. आणि पुढे, “यह गीत हमारे संग्रह में उपलब्ध नहीं है, इसलिए इसी फ़िल्म का एक दूसरा गीत सुनिए।” मग लागलं एक विनोदी गाणं, मालिशवाल्याचं. इतकी कार्डं, इतक्या चकरा, आणि मालिशवाला! आई उठून आत गेली. तिच्याकडे बघवत नव्हतं. मला त्या रेडिओचा, पोस्टाचा, आजीच्या आजाराचा, सगळ्याचा इतका राग आला की मी मामीला फोन लावला, जाऊ दे म्हणून सांगायला.

मामी फोनवर रडत होती. “अगं, लागलं ना गाणं! सासूबाई पूर्ण म्हणून राहिल्या त्याच्यासंगं. अन् विचारतेत, बेबी कुठी आहे?”

मी म्हटलं, कोणतं गाणं? तर म्हणे झुल्याचं. मी म्हटलं, मामी, मालिशवाल्याचं लागलं. ती म्हणाली, कोण मालिशवाला? नावं वाचली आणि लगेच झुला सुरू झाला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, म्हणून दाखव. आमच्या मामीला आरतीची चालसुद्धा धड लागत नाही. तिने कसंबसं पहिलं कडवं गुणगुणलं आणि आतून आईने त्यापुढची ओळ उचलली.

आम्ही स्कूटीवर ब्राह्मणपाऱ्याला पोचलो तेव्हा आजी उशीला टेकून बसली होती. “बेबी, किती उशीर लावलास गं,” म्हणाली. आईच्या हातून वरणभात खाल्ला, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पुसलं गेलं. पण आई आता रोज जाते, नर्सबाई तर नर्सबाई.

मी गप्प बसणारी नाही. कार्यक्रमात सांगतात त्या नंबरावर फोन केला, निवेदक भले माणूस निघाले. म्हणाले, जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर चढवल्या तेव्हा या गाण्याची तबकडी तडकलेली होती, गाणं आमच्याकडे नाहीच. एक स्टुडिओ, एक ट्रान्समीटर, जे इथून जातं ते सगळ्यांना तेच. मी विचारलं, दुसरं स्टेशन मध्ये घुसलं असेल? म्हणाले, मीडियम वेव्हवर लांबचं स्टेशन रात्री येतं, दुपारी नाही. आणि घुसलं तरी त्याच क्षणी तेच गाणं? माझ्या फोनमध्ये मालिशवाल्याचं रेकॉर्डिंग अजून आहे, मी कितीदा ऐकलंय. मामीने ते गाणं पूर्वी आजीच्या तोंडून ऐकलं असेल, आजीच्या जोडीला तिलाही भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मामी म्हणते, लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाईंना कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

या सगळ्याचा मला भयंकर त्रास होतो. परवा भाजी निवडता निवडता आईला पुन्हा विचारलं, एकाच शहरात, एकाच रेडिओवर, त्यांना एक आणि आपल्याला दुसरं, हे कसं शक्य आहे? तिने मान वर केली नाही.

“गाणं तिच्यासाठी मागतलं होतं ना,” म्हणाली. “तुले काहून ऐकू येईन?”