लिमआंटींना पाठवलेली नोटीस

क्षिप्रा देवस्थळी नऊ वर्षं बिशान या उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होती. ऑडिटमध्ये भल्याभल्यांना धारेवर धरणारी ही बाई, पण घर सोडतोय हे मालकीण लिमआंटींना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. आंटी सत्तरीच्या, एकट्या. क्षिप्राच्या बाळंतपणात त्यांनी महिनाभर सूप करून आणलं होतं.

पण करार ऑगस्टअखेर संपत होता, आणि तो वाढवायचा नसेल तर दोन महिने आधी लेखी कळवणं भाग होतं. टॅम्पिनीसमधलं स्वतःचं घर ताब्यात आलं, तेव्हा जूनच्या मध्यावर तिने मन घट्ट करून ईमेल लिहिली. एकतीस ऑगस्टला घर रिकामं करू, त्याआधी एसीची सर्व्हिसिंग आणि पडद्यांचं ड्रायक्लीनिंग करून घेऊ, भिंतींची भोकं बुजवू. त्या सकाळी सामानाची यादी दोघी मिळून तपासू आणि मग चाव्या देऊ.

दहाच मिनिटांत आंटींचा फोन आला.

"नोटीस वाचली," आंटी म्हणाल्या. "अगं, माझा मुलगा बायकोपोरांना घेऊन पर्थहून कायमचा परत येतोय. तुला घर सोड म्हणून कसं सांगू, या काळजीने मी महिनाभर झुरतेय!"

क्षिप्रा इतकी हसली की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

"आंटी, माझंही अगदी तेच झालं होतं!"

"मग एकतीसला सकाळी दहाला भेटू. आणि पडदे धुवायला टाकू नकोस. सुनेला तो रंगच आवडत नाही."