सहा निबंध आणि माझं मत

ऑफिसने परदेशातल्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी माझं नाव सुचवलं. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला नऊपैकी सात हवेत. मला हसूच आलं. वीस वर्षं सरकारी फायलींवर मी दुसरं काय लिहितेय?

गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून मी सहा सराव-निबंध लिहिले. तपासायचेही मीच. परीक्षकांचा तक्ता समोर होता: प्रश्नाला उत्तर, मांडणी, शब्द, व्याकरण, आणि या चारांची सरासरी. मी सहांना मिळून झटपट आठ, सात, सात, सात देऊन टाकले. सव्वासात! आपलीच पाठ थोपटायला काय जातं?

अकरावीतल्या लेकीने पोहे खाता खाता तो गुणांचा कागद ओढला.

"आई, ये तो चीटिंग है यार. नंबर दिलास तर प्रूफ दाखव. ज्या वाक्याला दिलास, त्याच्याखाली लाइन मार."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, लाल पेन घेऊन बसलेच. तक्त्यात काय लिहिलंय ते वाचायचं, निबंधात पुरावा शोधायचा, मगच आकडा टाकायचा. मांडणीला आणि शब्दांना सात टिकले. व्याकरण सहावर आलं. चुकांची यादी केली, तर त्याच चार-पाच चुका प्रत्येक निबंधात हजर!

उत्तराच्या रकान्यात मात्र पेन अडलं. प्रश्न होता, 'तुमचं मत द्या.' मी लिहिलं होतं, दोन्ही बाजूंचा विचार करणे योग्य ठरेल. दुसऱ्या निबंधात, सर्व संबंधितांशी चर्चा व्हावी. सहाही निबंध पालथे घातले. माझं मत कुठेच नाही! वीस वर्षं साहेबांसाठी टिपणं लिहिली. मत साहेबांचं, सही साहेबांची. मला स्वतःचीच लाज वाटली. तिथे पाच टाकले. सरासरी सव्वासहा.

"बिल्कुल करेक्ट," लेक म्हणाली. "पण आई, तुला जायचंय ना?"

"म्हणजे, घरचं सगळं बघून, बाबांशी बोलून, मग विचार करता येईल..."

तिने नुसतं लाल पेन उचलून माझ्यापुढे धरलं.

महिनाभर नवराही हेच विचारत होता आणि मी त्याला हेच टिपण पाठवत होते. मी उठले. तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता.

"मला जायचंय," मी म्हणाले. आवाज चिरकला.

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. "आणि वर्षभर इथलं कोण बघणार?"

तोंडात 'सर्व संबंधितांनी' आलंच होतं. गिळलं.

"तू."

त्याने चिमटा पुन्हा उचलून दोरीवर लावला. "मग आधी हे वॉशिंग मशीन कसं लावायचं ते नीट लिहून दे," तो म्हणाला. "स्पष्ट लिही."

टेबलाशी येऊन मी सातवा कागद घेतला.