आठबाई गप्प बसल्या त्या दिवसाची गोष्ट

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्याच शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत आणि मी संगीताची. म्हणजे घरी स्वयंपाकघरात त्या, शाळेत हॉलमध्ये त्या, येताजाता बसमध्ये शेजारच्या सीटवर त्याच. मला सुट्टी नाही. बसमध्येसुद्धा समोरच्या दांडीवर त्यांची बोटं चालूच. एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ. पोळ्या लाटताना लाटणं आठ वेळा फिरणार. जिना चढताना ओठ हलणार. शाळेतल्या मुली त्यांना आठबाई म्हणतात. ते त्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगते, त्यांना ते आवडतं.

बाईंच्या पायाला भिंगरी. घरात सगळे जेवायला बसले तरी ह्या उभ्याच. 'अहो ताई, टेका की जरा,' म्हटलं की म्हणतात, 'बसलेच बघ,' आणि खिडकी पुसायला जातात. अशा बाईला गप्प आणि स्थिर ठेवायची वेळ माझ्यावर आली. कोणाच्या वैऱ्यावर येऊ नये.

झालं असं. दर शुक्रवारी शेवटचा तास सहावी-सातवीच्या मुलींचा, रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा. आठ मुली. चौघींकडे हूप, चौघींकडे रिबन. हूप उभा धरला तर कमरेपर्यंत येतो. रिबन चार मीटर लांब, काठीला बांधलेली. ती सतत फिरती ठेवायची. मनगट थांबलं की रिबन पडली जमिनीवर, मेल्या गांडुळासारखी. चार वर्षं बाई हा तास चालवतायत. रिबनींना घरून इस्त्री करून आणतात, कारण चुरगळलेली रिबन नीट उडत नाही. आमच्या घरातली इस्त्री शर्टांना कमी आणि रिबनींना जास्त लागते.

तर गेल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आमच्या मुली शेवटच्या आल्या. का? तर बाई कडेला उभ्या राहून मोठमोठ्यानं आकडे ओरडत होत्या. स्पर्धेत शिक्षकानं बाहेरून काही सांगायचं नसतं, त्याचे गुण कापतात. कापले. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहायला आल्या होत्या, त्यांना ओशाळवाणं वाटलं. यंदा त्यांनी जाऊबाईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'या वेळी ओरड्याचे गुण कापले गेले, तर शुक्रवारचा तास गणिताला देऊन टाकते. पालक मागे लागलेच आहेत.'

जाऊबाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. 'तास गेला तर मी काय करू गं? वर्षभर नुसती कवायत?' मला वाईट वाटलं. उगीच कशाला खोटं बोलू, त्यांचा मला रागही खूप येतो. पण तो तास म्हणजे त्यांचा जीव आहे.

'त्यात काय,' मी म्हटलं, 'ओरडायचं नाही. झालं.'

झालं म्हणे! डोंबल झालं.

स्पर्धेला तीन आठवडे होते. गाणं मी बसवलं होतं, नुसती धून: आधी पियानो, मग बासरी, मग ड्रम, शेवटी सगळं एकत्र. वीस आठ, म्हणजे आठ-आठ ठोक्यांचे वीस तुकडे, एक मिनिट वीस सेकंद. त्या शुक्रवारी सराव ऐन रंगात आला असताना माझा पाय वायरीत अडकला आणि स्पीकर बंद पडला. मी जीभ चावली. पण मुली थांबल्याच नाहीत! हूप लोटले, समोरच्या मुलींनी रिबन डाव्या हातात घेऊन उजव्यानं ते झेलले, रिबनींच्या नागमोडी लाटा उठल्या, सगळं जसंच्या तसं. बाई आकडे म्हणत होत्या ना.

'बघितलंस?' बाईंची छाती फुगली. 'गाण्याशिवायसुद्धा!'

मी मात्र वायर पुन्हा जोडली. 'ताई,' मी म्हटलं, 'आता उलट करू. मी गाणं लावते, तुम्ही तोंड बंद ठेवा.'

लावलं. पहिला आठ ठीक गेला. दुसऱ्यात मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसऱ्यात एक हूप रिकाम्या कोपऱ्यात गडगडत गेला, दोन रिबनी एकमेकींत अडकल्या आणि रिबनवाल्यांतली एक चष्मेवाली मुलगी मधोमध उभी राहून म्हणाली, 'बाई, कितवा आठ?'

चार वर्षं! चार वर्षं मुली बाईंच्या आवाजावर नाचत होत्या. गाणं मागे वाजत होतं, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं. आणि त्याहून वाईट म्हणजे बाईंना जोर चढला की त्यांचे आकडे पळतात. शेवटाकडे मुली नेहमी गाण्याच्या पुढे का असायच्या ते मला तेव्हा कळलं. मी मेली दर वर्षी गाणंच थोडं जलद करून द्यायची. म्हणजे खड्डा खणायला माझाही हात होताच.

मग मी कागद घेतला आणि आकडे खोडले. पहिल्या चार आठांत पियानो: हूप हातावर फिरवायचा, रिबननं मोठी वर्तुळं. बासरी आली की हूप समोरच्या मैत्रिणीकडे लोटायचा आणि परत घ्यायचा. ड्रम आला की रिबनची भिंगरी, छोटी छोटी गोल वेटोळी, आणि हूपवाल्या हूपमधून आरपार. सगळं एकत्र वाजलं की गोल करून शेवट. स्पर्धेपुरता सराव रोज ठेवला. मुलींना जमिनीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. नवा आठ सुरू झाला असं वाटलं की हात वर करायचा. पहिल्या दिवशी हात असे वर यायचे की जशी बाजारात बोली चाललीय. चौथ्या दिवशी आठही हात एकदम वर आले. मला माझंच कौतुक वाटलं, कोणी केलं नाही म्हणून मीच केलं.

अडचण मुलींची नव्हतीच, बाईंची होती. गप्प बसा म्हटलं तर ओठ हलायचे. मुली ओठ वाचायच्या. मग बाईंनी तोंडात पेन्सिल धरली, तर बोटं मांडीवर वाजायला लागली. हातांवर बसल्या, तर पाय. टपटप टपटप, आणि तोही गाण्याच्या पुढे. मी डोळे वटारले की दोन मिनिटं शांत, की पुन्हा सुरू.

एक आठवडा उरला होता. मुली पुन्हा चुकल्या, तेव्हा चष्मेवालीनं रिबन काठीला गुंडाळली आणि सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. 'बाई, तुम्ही बाहेर थांबता का? तुमचा पाय दिसतो.'

बाई उठल्या. दार लावून गेल्या. मुलींनी तो सराव एकही चूक न करता केला आणि मला तो धड बघवला नाही.

बसमध्ये त्या दिवशी दांडीवर बोटं नव्हती. हात मांडीवर. मी म्हटलं, 'मूल आहे हो ते, मनावर घेऊ नका.'

'खरं बोलली ती,' बाई म्हणाल्या. मग दोन स्टॉप गेल्यावर, 'मी नसले की चांगलं होतं ना?'

मी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा 'नाही हो ताई' म्हणायला हवं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि बाईंना खोटं लगेच कळतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून घरात त्यांनी चारही रिबनींना तीनदा इस्त्री केली. चार हूप होते, तेही पुसले. क्रीडा संकुलात पोचलो तर बाई एका जागी ठरेनात. पाणी प्यायल्या, मुलींचे अंबाडे तपासले, पुन्हा पाणी. आमचं नाव पुकारलं तेव्हा मी गाणं घेऊन टेबलाशी गेले आणि वळून बघते तर बाई आपणहून बाहेर निघाल्या होत्या. जाड दारं त्यांच्यामागे बंद झाली. दाराला काचेची चौकोनी खिडकी होती, तिच्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

पियानो सुरू झाला. चार आठ गेले. बासरी आली आणि चारही हूप एकदम सुटले, सरळ रेषेत, आणि एकदम झेलले गेले. मग ड्रम आला. रिबनींच्या भिंगऱ्या फिरायला लागल्या आणि चष्मेवालीच्या रिबनीला गाठ पडली.

गाठ पडली की ओढायची नाही, ओढली की घट्ट बसते. थांबून बोटांनी सोडवावी लागते. ती थांबली. बाकीच्या सात जणी पुढे गेल्या. माझी नजर दाराकडे गेली. काचेत बाईंचं तोंड उघडलेलं होतं, तळहात काचेवर दाबलेला. आत्ता दार ढकलतात आणि ओरडतात, मी मनाशी म्हटलं, गेला तास.

चष्मेवालीनं गाठ सोडवली. गडबड केली नाही. रिबन हातात तयार धरून ती उभी राहिली, मान जराशी कलती. ऐकत होती. सगळी वाद्यं एकत्र आली त्याच क्षणी तिनं पाऊल टाकलं आणि गोलात आपल्या जागी अशी शिरली की जणू ती कुठे गेलीच नव्हती.

गाठीचे गुण गेले. पाच शाळांत आम्ही तिसरे आलो. ओरड्याचा एकही गुण कापला नाही. मोठ्या बाईंनी पंचांचा कागद पाहिला, चष्मा सरकवला आणि म्हणाल्या, 'राहू दे शुक्रवार.'

मी धावत बाहेर गेले. बाई बाकावर बसल्या होत्या. बसल्या होत्या! डोळे लाल. 'ताई, तास राहिला!' मी म्हटलं.

'अगं, आतलं काही ऐकूच येत नव्हतं,' त्या म्हणाल्या. 'मोजता येईना. काय करणार, नुसतं बघितलं.' पदरानं नाक पुसलं. 'त्या चष्मेवालीचं पाऊल किती हलकं पडतं गं. इतक्या दिवसांत मला दिसलं नाही. मी मोजतच राहिले, मेली.'

आणि माझी जाऊ, जिला मी सासूच्या आजारपणातही रडताना पाहिलं नव्हतं, हमसून हमसून रडली. मी शेजारी बसले. मलाही रडू आलं, सांगायला लाज कसली.

पुढच्या शुक्रवारी मी हॉलमध्ये गाणं लावायला गेले. बाई दाराबाहेरच उभ्या, आत येईनात. चष्मेवाली गेली आणि त्यांचा हात धरून आत घेऊन आली, समोरच्या बाकावर बसवलं. 'बाई, बघा आता,' म्हणाली.

मी गाणं लावलं. पियानो गेला, बासरी आली, हूप सुटले. बाईंचे ओठ मिटलेले, हात मांडीवर. पाय मात्र हलत होता, तो काय थांबतोय. मी कान देऊन ऐकलं. पहिल्यांदाच तो गाण्याबरोबर होता.